काम सोपवायचं, तेही फ्रेंचमध्ये

फ्रेंच कार्यालयातल्या बैठकींत एक वाक्य वारंवार कानावर पडतं. ते ‘इल फोद्रे’ने सुरू होतं, म्हणजे ‘करायला हवं’. पुरवठादाराला फोन करायला हवा, तक्ता तयार करायला हवा. वाक्य सभ्य आहे, कुणाला लागत नाही आणि कुणालाच लागू होत नाही. त्याचं जुळं भावंड म्हणजे ‘ओं’ हा सर्वनामाचा छोटासा शब्द. ‘ओं पुरे’ म्हणजे ‘आपण करू शकतो’, पण त्या ‘आपण’मध्ये नेमकं कोण बसलंय हे वाक्य सांगत नाही. आपल्याकडे ‘ते एकदा बघून घ्यायला हवं’ म्हणत बैठक संपते आणि पुढच्या बैठकीत तेच वाक्य चहाबरोबर पुन्हा येतं. तसंच हे.

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकून ल्योनला किंवा तुलूजला कामासाठी गेलेल्या मराठी माणसाला ही वाक्यं लवकर तोंडवळणी पडतात, कारण ती सोपी असतात. क्लासमध्ये त्याने कॉफी मागायला, रस्ता विचारायला, नोकरीचा अर्ज लिहायला शिकलेलं असतं. हाताखालच्या माणसाला काम कसं द्यायचं हे मात्र क्वचितच कुणी शिकवतं. मग तो एकतर ‘करायला हवं’च्या धुक्यात बोलतो, नाहीतर थेट आज्ञार्थात. पहिल्याने काम होत नाही, दुसऱ्याने माणूस दुखावतो.

एक प्रसंग घेऊ. कल्पनेतला आहे, पण यातली प्रत्येक अडचण फ्रान्समध्ये खरीच भेटते. ल्योनजवळच्या एका कारखान्यात पुण्याहून गेलेली एक अभियंता गोदामाचं काम पाहते. गोदामात नवे रॅक बसवायचे आहेत. तीन पुरवठादारांची दरपत्रकं आली आहेत. फ्रेंचमध्ये दरपत्रकाला ‘दवी’ म्हणतात. त्यांची तुलना करून एक तक्ता करायचा आणि तो खरेदी समितीपुढे ठेवायचा. समिती बसणार गुरुवारी, २१ मे २०२६ रोजी, सकाळी दहाला. काम द्यायचं आहे तिच्या हाताखालच्या बावीस वर्षांच्या तरुणाला. तो ‘आल्तेर्नाँ’ आहे, म्हणजे अर्धा विद्यार्थी, अर्धा कर्मचारी. काही दिवस कॉलेजात, काही दिवस कारखान्यात, अशा ठरलेल्या वेळापत्रकाने तो काम करतो. आज आहे बुधवार, ६ मे.

पहिला प्रश्न ‘त्यू’ की ‘वू’. मराठीच्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’शी याचं नातं दिसतं, पण ते फसवं आहे. आपल्याकडे वरिष्ठाने ‘तू’ आणि कनिष्ठाने ‘तुम्ही’ म्हणणं कित्येक ठिकाणी साहजिक वाटतं. फ्रेंच कार्यालयात अशी एकतर्फी सोय वापरली की ती खटकते. तिने त्याला ‘त्यू’ म्हटलं तर त्यानेही तिला ‘त्यू’ म्हणावं हे अपेक्षित आहे. बऱ्याच कार्यालयांत हल्ली सगळे ‘त्यू’वरच असतात. जिथे अजून ‘वू’ चालतं, तिथे ते दोन्ही बाजूंनी चालतं. आमच्या प्रसंगात दोघं ‘त्यू’ म्हणतात, असं धरू.

आता वाक्य. ‘करायला हवं’ नको आणि ‘कर’ही नको. फ्रेंचमध्ये मधल्या वाटा बऱ्याच आहेत. ‘एस क त्यू पुरे…’ म्हणजे ‘तू करू शकशील का’. वरवर हा प्रश्न आहे, पण वरिष्ठाच्या तोंडी तो हुकूमच असतो आणि दोघांनाही ते माहीत असतं. ‘झेमरे क त्यू…’ म्हणजे ‘तू हे करावंस असं मला वाटतं’. यात एक खड्डा आहे. या रचनेनंतर क्रियापदाचं वेगळं, इच्छार्थी रूप लागतं. ‘करणे’साठी एरवी ‘त्यू फे’, इथे मात्र ‘त्यू फास’. नवख्याची जीभ हमखास पहिल्याकडे वळते. चूक झाली तरी काम अडत नाही, पण बोलणाऱ्याचं लक्ष कामावरून व्याकरणावर जातं आणि नेमकी तारीख सांगायची राहून जाते. म्हणून मी तरी नवशिक्याला सोपी वाट सुचवेन: ‘झ कोंत स्यूर त्वा पुर…’, म्हणजे ‘यासाठी माझी भिस्त तुझ्यावर आहे’. पुढे साधं मूळ क्रियापद लावलं की झालं. त्याहून उबदार म्हणजे ‘झ त कोंफी’, ‘हे मी तुझ्याकडे सोपवते’. यात काम कुणाचं हे स्पष्ट होतं, आणि ते विश्वासाने दिलंय हेही.

लेखी कामांच्या यादीत फ्रेंच लोक एक वेगळीच युक्ती करतात. तिथे ‘तू कर’ असं न लिहिता क्रियापदाचं मूळ रूप लिहितात: किंमती तपासणे, पुरवठादाराला फोन करणे. पाककृतीत लिहितात तसंच. वाक्यातून माणूस निघून जातो आणि त्याबरोबर आज्ञेची धारही. म्हणून काम सोपवताना तोंडी ‘झ त कोंफी’ म्हणावं आणि नंतरच्या लेखी निरोपात ही मूळ रूपांची यादी द्यावी.

शब्द जमले तरी एक अडचण उरते, आणि ती अधिक खोल आहे. किती सांगायचं? फिलिप दिरिबार्न या फ्रेंच अभ्यासकाचं १९८९ साली एक पुस्तक आलं, ‘ला लोजिक द लोनर’, म्हणजे प्रतिष्ठेचं तर्कशास्त्र. त्याने फ्रान्स, अमेरिका आणि नेदरलँड्स या तीन देशांतल्या एकाच प्रकारच्या कारखान्यांची तुलना केली. अमेरिकेत वरिष्ठ आणि कनिष्ठ यांचं नातं त्याला कराराच्या वळणाचं दिसलं: काय द्यायचं, त्याचं मोजमाप काय, हे ठरलेलं. फ्रान्समध्ये मात्र माणूस आपल्या पेशाने स्वतःवर जी जबाबदारी टाकली आहे तिच्याशी बांधील असतो. त्या पेशात कसं काम करायचं हे दुसऱ्याने पायरीपायरीने सांगणं त्याला कमीपणाचं वाटू शकतं. हे निरीक्षण जुनं आहे, आणि बावीस वर्षांचा प्रत्येक तरुण त्यात बसेलच असं नाही. पण काम सोपवणाऱ्याला त्यातून एक उपयोगाची सीमा मिळते. काय हवं, कशासाठी हवं, काय करायचं नाही आणि कधी हवं, हे अगदी बारकाईने सांगा. कसं करायचं ते मात्र त्याच्यावर सोडा.

‘कशासाठी’ला फ्रान्समध्ये जास्त जागा द्यावी लागते. आपल्याकडे ‘साहेबांना हवंय’ एवढं कारण पुष्कळदा पुरतं. फ्रेंच तरुणाला समितीसमोर कोणता निर्णय आहे हे कळलं, तर तक्त्यात कोणते रकाने लागतील हे तो स्वतःच काढेल. ते न सांगता नुसते रकाने दिलेत, तर तो ते भरेल, आणि एखादा रकाना कमी पडला तरी त्याच्याकडून काही कळणार नाही.

आमच्या अभियंतेने त्याला जे सांगितलं ते साधारण असं. समितीला तीनपैकी एक पुरवठादार निवडायचा आहे. त्यांना एका पानाचा तक्ता हवा आणि खाली चार-पाच ओळींत तुझी शिफारस. किंमत, बसवून देण्याची मुदत आणि हमीचा काळ या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. आणखी काय घ्यायचं ते तू ठरव. गेल्या वर्षीचा असाच एक तक्ता सामायिक फोल्डरमध्ये आहे, तो नमुना म्हणून बघ. करातलं काही अडलं तर खरेदी विभागातल्या अमुक बाईंना विचार. मी त्यांना सांगून ठेवलंय. पुरवठादारांना तू थेट फोन करू शकतोस, मला विचारायची गरज नाही. पण भाव पाडून मागायचा नाही आणि कुणालाही होकार द्यायचा नाही.

शेवटच्या दोन वाक्यांत साधनंही आहेत आणि कुंपणही. साधनं म्हटली की आपण फाइल आणि संगणकाचा विचार करतो, पण कनिष्ठाला बहुतेक वेळा अडतं ते परवानगीपाशी. कुणाला फोन करता येईल, कुणाचं नाव सांगता येईल, कुठवर स्वतः ठरवता येईल? खरेदी विभागातल्या बाईंना आधी कळवून ठेवलं नसतं, तर ‘हा कोण मला विचारणारा’ यातच एक दिवस गेला असता.

एका पानाचा तक्ता इतकं सोपं काम असेल, तर हे सगळं कशाला, असं वाटेल. म्हणून तक्त्यात एकदा डोकावू. पहिल्या पुरवठादाराची किंमत १२,००० युरो, ‘ओर ताक्स’, म्हणजे कर वगळून. त्यात वाहतूक धरलेली आहे. तिला ‘फ्रांको द पोर’ म्हणतात. दुसऱ्याची किंमत १३,८०० युरो. दिसायला महाग. पण ती ‘तुत ताक्स कोंप्रीज’, म्हणजे करासकट आहे. फ्रान्समध्ये या मालावर मूल्यवर्धित कर २० टक्के. तो वजा केला की उरतात ११,५०० युरो. म्हणजे दुसरा स्वस्त झाला? थांबा. त्याच्या दरपत्रकात वाहतूक नाही, आणि ती ७०० युरो पडते. एकूण १२,२००. पुन्हा पहिलाच स्वस्त. एका ओळीत दोनदा निकाल फिरला. तिने कामाच्या निरोपात ‘सर्व किंमती कर वगळून आणि वाहतुकीसकट’ एवढी एक ओळ घातली. पद्धत सांगितली नाही, मोजण्याचा पाया मात्र ठरवून दिला. माझ्या मते काम सोपवण्यात सर्वांत जास्त डोकं इथे लागतं: नेमकी कोणती एक ओळ आधी सांगायला हवी, हे ओळखण्यात.

आता मुदत. इथे मराठी माणसाला एक सोय आहे आणि एक सापळा.

सोय अशी की फ्रेंचमध्ये एका आठवड्याला ‘वी झूर’, आठ दिवस, आणि दोन आठवड्यांना ‘कॅंज झूर’, पंधरा दिवस म्हणतात. इंग्रजीत वाढलेला माणूस चौदा की पंधरा याचा हिशेब करत बसतो. ‘आठ दिवसांनी ये’, ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणणाऱ्या आपल्याला त्यात काहीच नवल नाही.

सापळा ‘पर्यंत’चा. ‘शुक्रवारपर्यंत फाइल पाठव’ हे मराठीत स्वच्छ वाक्य आहे. शब्दकोशात ‘पर्यंत’साठी ‘झ्यूस्का’ सापडतो. पण ‘झ्यूस्का वाँद्रदी’ हे चालू राहणाऱ्या क्रियेला लागतं. ‘तुला शुक्रवारपर्यंत वेळ आहे’ म्हणताना ते बरोबर बसतं. ‘फाइल पाठव’ला लावलं, तर शुक्रवार उजाडेपर्यंत फाइल पाठवतच राहा, असा काहीतरी अर्थ निघतो. तिथे ‘पुर वाँद्रदी’, शुक्रवारसाठी, म्हणायचं, किंवा ‘दिसी वाँद्रदी’, आतापासून शुक्रवारच्या आत. ‘आवाँ वाँद्रदी’ म्हटलंत तर ते शुक्रवारच्या आधी झालं, म्हणजे खरं तर गुरुवार. ‘दिसी’मध्ये शुक्रवार धरायचा की नाही, यावर फ्रेंच माणसांचंही एकमत नसतं. वाद नको असेल तर एकच रचना: ‘वाँद्रदी, सेझ अर, ओ प्ल्यू तार’. शुक्रवार, १६ वाजता, उशिरात उशिरा. वेळ चोवीस ताशी घड्याळाने सांगायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा घोळ उरत नाही.

‘आठवड्याच्या शेवटी’ म्हणजे ‘फँ द समेन’ हेही जपून वापरावं. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ गुरुवार-शुक्रवार असा होतो. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये तेच शब्द शनिवार-रविवारसाठी वापरतात. पुण्यातून दोन्हीकडच्या माणसांशी काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कामाच्या दिवसांचेही दोन प्रकार आहेत: ‘झूर ऊव्राब्ल’ म्हणजे सोमवार ते शनिवार, सहा दिवस, ‘झूर ऊव्रे’ म्हणजे कार्यालय खरोखर उघडं असतं ते, बहुधा पाच. फ्रान्समधली पाच आठवड्यांची पगारी रजा पहिल्या हिशेबाने ३० दिवस भरते आणि दुसऱ्या हिशेबाने २५. ‘दहा कामाचे दिवस’ म्हणण्यापेक्षा तारीख सांगितलेली बरी.

आणि तारीख सांगण्याआधी कॅलेंडर बघावं, विशेषतः मे महिन्याचं. २०२६ मध्ये १ मे शुक्रवारी, ८ मे शुक्रवारी, दोन्ही सुट्ट्या. १४ मे, गुरुवार, येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारची रजा टाकून चार दिवस सलग घ्यायचे, याला ‘पूल बांधणं’ म्हणतात. म्हणजे मे महिन्यातले पहिले तीनही शुक्रवार गेले. ‘शुक्रवारपर्यंत दे’ म्हणणाऱ्याने कोणता शुक्रवार ते सांगायलाच हवं.

आता आमचा हिशेब करू. ६ मे ते २१ मे, पंधरा दिवस. ‘कॅंज झूर’, भरपूर वेळ. प्रत्यक्षात ८ तारखेला सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. ११ ते १३ हे दिवस मुलाचे कॉलेजचे. तो तिथे असताना त्याला कारखान्याचं काम द्यायचं नसतं, कारण कॉलेजातला वेळही कायद्याने कामाचाच वेळ धरतात. १४ला सुट्टी, १५ला पूल, पुन्हा शनिवार-रविवार. हातात उरले ७ मे आणि मग १८, १९, २० मे. पंधरा दिवसांचे चार झाले. त्यातही पुरवठादारांकडची माणसं त्याच सुट्ट्या घेतात. ७ तारखेला प्रश्न पाठवले नाहीत, तर उत्तरं १८ तारखेशिवाय येत नाहीत.

म्हणून तिने मुदत एक न देता तीन टप्पे ठेवले. ७ मेला दुपारी चारच्या आत तिन्ही पुरवठादारांना काय विचारायचं ते विचारून व्हायला हवं. सोमवार १८ मे, अकरा वाजता, पंधरा मिनिटांचा ‘प्वँ देताप’, म्हणजे कुठवर आलंय ते पाहण्याची छोटी भेट. तेव्हा तक्ता अर्धा असला तरी चालेल. मंगळवार १९ मे, १६ वाजता, उशिरात उशिरा, पक्का तक्ता. बुधवार तिने स्वतःसाठी ठेवला आणि त्याला तसं सांगितलंही. मुदत का अलीकडची आहे हे सांगितलं नाही, तर ‘समिती गुरुवारी आहे, मग मंगळवार कशाला’ असा विचार करून माणूस बुधवारी रात्री फाइल पाठवतो.

एक गोष्ट तिने लेखी टाकली, आणि ती मला फार आवडते: एखाद्या पुरवठादाराचं उत्तर आलं नाही तर तो चौकोन रिकामा ठेवायचा आणि ‘उत्तर आलेलं नाही’ असं लिहायचं, अंदाजाचा आकडा घालायचा नाही. कनिष्ठ माणूस रिकाम्या चौकोनाला घाबरतो. तो रिकामा चालेल हे आधी सांगितलं नाही, तर खोटा आकडा येतो आणि तो खऱ्यासारखाच दिसतो.

मग समजलं की नाही हे कसं कळणार? ‘त्या कोंप्री?’, ‘समजलं?’ हा प्रश्न फ्रेंचमध्ये मास्तरकीचा वाटतो, आणि त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्यापेक्षा ‘केस किल त माँक पुर कोमाँसे?’, सुरुवात करायला काय कमी पडतंय, हे विचारावं. यात कमी असणं गृहीतच धरलेलं आहे, त्यामुळे ते सांगायला संकोच वाटत नाही. किंवा ‘तू कुठून सुरुवात करशील?’ असं विचारावं. त्याने ‘आधी पुरवठादारांना फोन करतो’ म्हटलं तर काम पोचलं. ‘आधी तक्ता नीट आखून घेतो’ म्हटलं, तर ७ तारीख त्याला समजलेली नाही.

उत्तरातले शब्दही ऐकायचे असतात. ‘झ माँ नोक्यूप’, ‘मी बघतो याचं’, हा शब्द दिल्यासारखं आहे. ‘सा मार्श’, ‘चालेल’, हेही ठीक. ‘से झुआब्ल’ म्हणजे जमण्यासारखं आहे, पण ताण पडेल. तिथे थांबून विचारावं की नेमकं काय अवघड वाटतंय. खरा धोक्याचा शब्द ‘नोर्मालमाँ’. इंग्रजीच्या सवयीने आपण त्याचा अर्थ ‘नेहमीप्रमाणे’ असा लावून निश्चिंत होतो. फ्रेंच माणूस ‘नोर्मालमाँ, मंगळवारी मिळेल’ म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, सगळं सुरळीत झालं तर. म्हणजे काहीतरी सुरळीत नाही, याची त्याला आधीच कुणकुण आहे. ते काय, हे त्याच क्षणी विचारलं तर दोन मिनिटांचं बोलणं होतं. १९ तारखेला कळलं तर समितीची बैठक बारगळते.

मधल्या दिवसांत पाठपुरावा कितपत करावा? ठरलेल्या भेटीखेरीज शक्यतो नाहीच. आणि ११ ते १५ मध्ये तर नक्कीच नाही. २०१६च्या कामगार कायद्याने फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळं राहण्याचा हक्क मान्य केला आणि तो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. रात्रीचा प्रत्येक निरोप त्याने गुन्हा ठरत नाही. पण कंपन्यांना याबाबत आपले नियम ठरवावे लागले आणि लोक ते गांभीर्याने घेतात. पुण्याहून काम सोपवणाऱ्यांनी इथे घड्याळ पाहावं. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. आपण सकाळी नऊला चहा पिताना मे महिन्यात ल्योनमध्ये साडेपाच वाजलेले असतात. निरोप लिहून ठेवावा आणि त्यांच्या नऊला सुटेल असा लावावा.

सोमवारी अकराच्या भेटीत तक्ता समोर आला. तिसऱ्या पुरवठादाराचा चौकोन रिकामा होता, आणि दुसऱ्याची किंमत अजून करासकटच होती. तिने ती स्वतः दुरुस्त केली नाही. ‘दुसऱ्याचा आकडा कशात आहे?’ एवढंच विचारलं. त्याने दरपत्रक पुन्हा उघडलं, खालची बारीक अक्षरातली ओळ वाचली आणि निरोपातली कर वगळण्याची ओळ आठवून आकडा बदलला. मग वाहतुकीकडे तो आपणहून वळला. मंगळवारी पावणेचारला तक्ता आला. तिने उत्तरात लिहिलं, ‘पा माल’. शब्दशः ‘वाईट नाही’, पण फ्रेंच वरिष्ठाच्या तोंडी ही चांगली शाबासकी असते. आपण ते ‘बरं आहे’ असं वाचलं तर हिरमुसायला होईल. खाली तिने एक ओळ जोडली: गुरुवारी समितीपुढे हा तक्ता तूच मांडायचा आहेस, दहा मिनिटं आहेत, तक्त्यावर तुझं नाव घाल.